कळकलेला कंप्रेसर

तळघराचा जिना उतरता उतरताच मामांनी निकाल देऊन टाकला. "साहेब, दोन नंबरचा चिलरच अपशकुनी आहे. वर्षाच्या आत तीन कंप्रेसर खाल्ले त्यानं."

मामा म्हणजे प्लांट रूमचे ऑपरेटर. सगळी इमारत त्यांना मामाच म्हणते. पुण्यातली ही आठ मजली कार्यालयांची इमारत. तळघरात शेजारी शेजारी दोन वॉटर-कूल्ड चिलर, प्रत्येकी १५० टनांचे. टन हे वजन नव्हे, गारव्याचं माप. घरातला एसी दीड टनाचा असतो त्याच हिशेबानं. एक नंबर सात वर्षं बिनतक्रार चाललेला. दोन नंबरचा कंप्रेसर ऑगस्टमध्ये जळाला, नवा बसवला तो जानेवारीत गेला, तिसरा जूनमध्ये. प्रत्येक वेळी दहा लाखांच्या वरचं बिल. देखभालीचं कंत्राट असलेली मंडळी म्हणत होती वीज खराब आहे. इमारतीचे व्यवस्थापक म्हणत होते कंप्रेसरच खराब माल आहे. मला बोलावलं ते या दोघांत पंच म्हणून, आणि हाती हवा होता एक अहवाल: मूळ कारण काय, पुरावा काय, आता करायचं काय.

गोष्ट कळायला यंत्राची थोडी ओळख हवी. चिलर पाणी गार करतो. १२ अंशांचं पाणी आत येतं, ७ अंशांचं होऊन इमारतभर फिरायला जातं. हे घडतं इव्हॅपोरेटर नावाच्या लांबलचक टाकीत. टाकीत तांब्याच्या दोन-सव्वादोनशे नळ्या असतात. नळ्यांच्या आतून पाणी वाहतं आणि बाहेरून नळ्या गॅसच्या द्रवात बुडालेल्या असतात. गॅस म्हणजे इथे आर-१३४ए. तो ४ अंशांवर उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता पाण्यातून ओढून घेतो. ती वाफ कंप्रेसर ओढतो, दाबतो आणि दुसऱ्या टाकीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे तिची उष्णता दुसऱ्याच पाण्याला जाते आणि ते पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये निवतं. वॉटर-कूल्ड म्हणतात ते यावरून.

कंप्रेसर इथे स्क्रू जातीचा होता. रसवंतीतल्या चरकाचे दोन लाट डोळ्यांसमोर आणा. त्यांच्यावर मळसूत्रासारखे पीळ पाडले आणि उसाऐवजी त्यांच्यामधून वाफ पिळून काढली, तर जे होईल ते हे यंत्र. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायची. हे लाट फिरवणारी विजेची मोटर बाहेर नसते, त्याच लोखंडी पोटात असते. गार गॅस मोटरच्या वाइंडिंगवरून वाहत जातो आणि तिला थंड ठेवतो. गॅसमध्ये जे काही मिसळेल ते म्हणूनच थेट वाइंडिंगला जाऊन भिडतं.

पहिल्या दिवशी मी एकही पाना हातात घेतला नाही. दोन चिलरांच्या मध्ये उभा राहून नुसती यादी केली, की दोघांचं काय काय एक आहे. वीज एकाच पॅनलमधून. टॉवरचं पाणी एकाच हौदातलं. ऑपरेटर तेच, कंत्राटदार तोच, तेल त्याच कंपनीचं. तरी एक धडधाकट आणि दुसरा दर पाच महिन्यांनी आडवा. दोघांच्या वाट्याला सारखीच आलेली कारणं या एका गोष्टीनं जवळजवळ बाद होतात. जवळजवळच, कारण अहवालात नुसता तर्क चालत नाही. म्हणून आठवडाभर विजेची नोंद घेणारं यंत्र लावून ठेवलं. तीन फेजमधल्या व्होल्टेजचा फरक एकदाही एक टक्क्यावर गेला नाही. टॉवरच्या पाण्याचा क्षार कंडेन्सरच्या नळ्यांत थोडा बसलेला होता, पण त्यानं वाढलेला दाब यंत्राच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली होता. व्यवस्थापकांचा टँकरच्या पाण्यावर भारी राग. मी त्यांना म्हटलं, "टँकर दोषी असता तर दोन्ही चिलर गेले असते." त्यांना ते फारसं आवडलं नाही.

आता प्रेताची तपासणी. इथेच अशा चौकश्या बहुधा वाया जातात. जळालेला कंप्रेसर देऊन नवा घेतला की बिलात सूट मिळते, त्यामुळे जुना त्याच दिवशी ट्रकवर चढतो आणि त्याच्याबरोबर पुरावाही. पहिले दोन असेच गेले होते. तिसरा माझ्या नशिबानं प्लांट रूमच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होता. तो एका दुरुस्तीच्या कारखान्यात नेला आणि सगळ्यांच्या समोर उघडला. सगळ्यांच्या म्हणजे कंत्राटदाराच्या माणसांच्याही. एकट्यानं उघडलं की पुढे भांडण ठरलेलं.

मोटर कशी जळाली यावर ती का जळाली हे बरंच कळतं. भार जास्त झाला किंवा थंडावा कमी पडला, तर सगळं वाइंडिंग सारखंच करपतं, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं. एक फेज गेली तर गोलाकार मांडणीत ठरावीक अंतरानं काही गट काळे आणि मधले नव्यासारखे दिसतात. इथे दोन्ही नव्हतं. वाइंडिंगचा रंग बहुतेक ठिकाणी चांगला होता आणि एका खाचेत बोटाच्या पेराएवढी जागा फुटून वितळलेली होती. इन्सुलेशन त्या एका जागी आधी मऊ पडलं, मग फाटलं, मग वीज लोखंडात उतरली. वीज खराब असण्याच्या सिद्धांताला हे चित्र बसत नव्हतं.

मग बेअरिंग बाहेर आली, आणि कारखान्यातला म्हातारा मिस्त्री नुसतं "हं" म्हणाला. पोलादाची बेअरिंग चकचकीत राखाडी असायला हवी. ही तांबूस होती. नखानं खरवडलं तर खाली पोलाद, वर तांब्याचा पातळ मुलामा. तांबं कोणी तिथे लावलं नव्हतं, ते चालत आलं होतं.

आपल्याकडे आजीच्या काळापासून एक नियम आहे: कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, चिंचेची आमटी ठेवायची नाही. ठेवली तर कळकते. कळकते म्हणजे आंबटपणा भांड्यातलं तांबं थोडं थोडं विरघळवतो आणि ते पदार्थात उतरतं. या कंप्रेसरच्या पोटात नेमकं हेच झालं होतं. आर-१३४एबरोबर जे तेल वापरतात ते एस्टर जातीचं असतं. त्याला पाण्याची भारी ओढ. उघड्या डब्यात ठेवलं तर हवेतली दमटसुद्धा पिऊन टाकतं. पाणी मिळालं आणि वर उष्णता मिळाली की ते तेल फुटून त्याचं आम्ल होतं. आम्ल नळ्यांचं तांबं विरघळवतं, तेलाबरोबर ते सगळीकडे फिरतं आणि जिथे पोलाद सर्वांत गरम, तिथे म्हणजे बेअरिंगवर जाऊन बसतं. तेच आम्ल आणि तोच ओलावा वाइंडिंगचं इन्सुलेशनही पोखरतो.

कंत्राटदाराच्या अभियंत्यानं इथे एक रास्त हरकत घेतली. "मोटर जळाली की त्या आगीतच आम्ल तयार होतं. हा परिणाम आहे, कारण कशावरून?" प्रश्न बिनतोड होता. बर्नआउटनंतर तेल आंबट निघतं हे खरं, आणि केवळ त्यावरून निष्कर्ष काढणारे अहवाल मी पाहिले आहेत. पण मोटर जळते ती क्षणात, आणि यंत्र तिथल्या तिथे थांबतं. तांब्याचा असा सलग थर चालत्या यंत्रात, दिवसेंदिवस बसत जातो. म्हणजे आम्ल आगीच्या आधीपासून होतं. दुसरं, आग आम्ल करते, पण एवढं पाणी ती आणत नाही. आणि तिसरा पुरावा हिशेब खात्याच्या फायलीत सापडला. जूनच्या अपघाताआधी तीन आठवडे तेलाचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता. अहवाल आला, बिलाला टाचला गेला, बिल पास झालं. वाचला कोणीच नव्हता. नव्या तेलात पाण्याचं प्रमाण ५० पीपीएमच्या आत असतं, १०० च्या पुढे गेलं की कान टवकारायचे. फायलीतल्या कागदावर आकडा होता ३८०.

तर कंप्रेसर पाण्यानं मेला. पण बंद लोखंडी पोटात पाणी आलं कुठून?

कंत्राटदाराची माणसं म्हणाली, आम्ही प्रत्येक वेळी लीक टेस्ट केली. केली होती, हेही खरं. यंत्रात नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं होतं आणि कुठेही बुडबुडा आला नव्हता. पण साबण फक्त बाहेरून लावता येतो. गळती टाकीच्या आत असेल, गॅसकडून पाण्याकडे, तर बाहेर बुडबुडा येणार कसा?

व्हॅक्यूमचंही तसंच. नवा कंप्रेसर बसवल्यावर यंत्रातली हवा आणि ओलावा पंपानं ओढून काढतात. कामाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "व्हॅक्यूम ४ तास, ओके." व्हॅक्यूम तासांत मोजणं म्हणजे वरण चमचा न बुडवता घड्याळाकडे बघून शिजलं म्हणण्यासारखं. तो मोजायचा मायक्रॉनमध्ये. ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवायचा, मग पंप बंद करून काटा बघत बसायचं. यंत्र कोरडं आणि घट्ट असेल तर काटा जागेवर राहतो. आत पाणी असेल तर त्याची वाफ होत राहते, काटा चढत जातो आणि एका पातळीवर थांबतो. गळती असेल तर थांबतच नाही. चिठ्ठीवर मायक्रॉनचा एकही आकडा नव्हता.

या टप्प्यावर मला मदत झाली ती मामांच्या लॉगबुकाची आणि त्याहून जास्त त्यांच्या बडबडीची. लॉगबुकात दहा महिन्यांत पाच वेळा नोंद होती, "गॅस कमी, टॉप-अप केला." सगळे मिळून ५८ किलो. बाहेर कुठेच गळती नाही, मग एवढा गॅस गेला कुठे? मी हे मोठ्यानं म्हणालो असेन, कारण मामा सहज बोलून गेले, "गॅसचं माहीत नाही, पण हवा फार होते साहेब पाण्यात. रोज सकाळी पंप लावला की गच्चीवरचा एअर व्हेंट अर्धा तास फुसफुसतो. पूर्वी नव्हता असा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघं गच्चीवर. एअर व्हेंट म्हणजे पाण्याच्या लाइनच्या सर्वांत उंच टोकाला बसवलेली छोटी पितळी डबी. लाइनमध्ये हवा अडकली तर ती आपोआप सोडून देते. खाली पंप सुरू झाला आणि दोन-तीन मिनिटांत डबी फुसफुसायला लागली. मी गॅस शोधायचं उपकरण तिच्या तोंडाशी धरलं. ते जे किंचाळायला लागलं ते बंदच होईना. डबीतून येत होती ती हवा नव्हती. विकत आणलेला आर-१३४ए पुण्याच्या आकाशात चालला होता.

आता सगळं जुळायला लागलं, आणि या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच आहे. चिलर चालू असताना इव्हॅपोरेटरमधला गॅस ४ अंशांवर असतो आणि त्याचा दाब साधारण २.४ बार असतो. नळ्यांतल्या पाण्यावर आठ मजल्यांच्या पाण्याच्या स्तंभाचं वजन, म्हणजे ३ बारच्या थोडं वर, आणि त्यात पंपाचा जोर मिळवला की जवळपास ५ बार. पाण्याचा दाब दुप्पट. नळीला चीर असेल तर पाणी गॅसमध्ये घुसणार. रात्री आठला सगळं बंद होतं. पंपाचा जोर जातो, पाण्याचा दाब ३ बारवर येतो. इकडे यंत्र हळूहळू खोलीच्या तापमानाला येतं, आणि २५ अंशांवर याच गॅसचा दाब साडेपाच बारच्या वर जातो. पारडं उलटतं. त्याच चिरेतून गॅस पाण्यात शिरतो आणि सकाळी पंप लागला की वाहत वाहत गच्चीवर पोचतो. दिवसा पाणी आत, रात्री गॅस बाहेर. एकाच चिरेनं दोन्ही कामं केली. गॅस कमी होतो म्हणून एक तक्रार, कंप्रेसर जळतो म्हणून दुसरी, आणि दोन्ही तक्रारींच्या फायली वेगळ्या. कंडेन्सरची नळी फुटली असती तर असं झालं नसतं. तिथे चालू असतानाही गॅसचाच दाब वरचढ असतो, त्यामुळे गॅस जाईल पण पाणी सहसा येणार नाही. म्हणून संशय थेट इव्हॅपोरेटरवर.

बाकी काम सोपं होतं, कष्टाचं होतं एवढंच. इव्हॅपोरेटरमधलं पाणी काढलं, दोन्ही टोकांची झाकणं खोलली. गॅसच्या बाजूला नायट्रोजन भरला, प्रत्येक नळी एका टोकाला रबरी बुचानं बंद केली आणि दुसऱ्या तोंडावर साबणाचा पडदा ओढत गेलो. २१४ नळ्या. खालून तिसऱ्या रांगेत एका तोंडावरचा पडदा मुलांच्या फुग्यासारखा फुगला. मग एडी करंटची तपासणी केली. त्यात नळीतून विद्युतचुंबकीय सळई सरकवतात आणि भिंतीत कुठे चीर किंवा फुगवटा आहे ते पडद्यावर दिसतं. त्या नळीत केसाएवढी उभी चीर निघाली, आणि आसपासच्या तीन नळ्या फुगलेल्या, अजून न फुटलेल्या. झिजून गेलेली नळी पातळ होते, फुगत नाही. नळी आतून फुगते ती बहुधा एकाच कारणानं: तिच्यातलं पाणी गोठतं, बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा मागतो, आणि तांबं ती देतं.

पण ७ अंशांचं पाणी गोठलं कसं? वाहतं पाणी या यंत्रात गोठत नाही. गोठलं याचा अर्थ ते केव्हातरी थांबलं होतं आणि कंप्रेसर चालूच होता. असं होऊ नये म्हणून पाण्याच्या पाइपात फ्लो स्विच असतो. पाण्याच्या धारेत एक छोटी पट्टी लोंबत असते. धार थांबली की पट्टी पडते आणि चिलर तत्क्षणी बंद होतो. मी त्या स्विचचं झाकण उघडलं. आत दोन टर्मिनलांच्या मध्ये वीतभर लाल वायरचा तुकडा, वर काळी टेप, टेपवर वर्षभराची धूळ.

"तो डायरेक्ट आहे साहेब," मामा हळूच म्हणाले.

डायरेक्ट करणं हा आमच्या धंद्यातला रोजचा शब्द. सुरक्षेचा स्विच त्रास द्यायला लागला की वायर मारून त्याचं तोंड बंद करायचं. यंत्राला वाटतं सगळं ठीक आहे. हे केलं होतं आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. पाचव्या मजल्यावर नूतनीकरण झालं, नवे पाइप जुन्या लाइनला जोडले, आणि त्यानंतर दोन नंबर दिवसातून चार चार वेळा ट्रिप व्हायला लागला. ऐन उन्हाळा, वरून फोनावर फोन. कोणीतरी आलं आणि वायर टाकून गेलं. त्याच सुमारास पॅनलमध्ये कमी दाबाला यंत्र थांबवणारी मर्यादाही कोणीतरी खाली नेली होती. शून्य अंशाला या गॅसचा दाब १.९ बार असतो. मर्यादा त्याच्याही पुष्कळ खाली होती. राहिला पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. पण तो असतो बाहेर जाणाऱ्या पाइपात. पाणी वाहतच नसेल तर तो आपल्या जागच्या साचलेल्या पाण्याचं तापमान सांगत बसतो, आणि टाकीत काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

स्विच खोटं बोलत होता का? स्ट्रेनर उघडला. स्ट्रेनर म्हणजे चिलरच्या आधी पाइपात बसवलेली जाळी, चहाच्या गाळणीसारखी. तिच्यात वेल्डिंगचे मणी, प्लंबरचं सूत-सफेदा, टेपचे तुकडे आणि गाळ, तीन चतुर्थांश जाळी बंद. स्विच खरं सांगत होता. पाणी खरंच कमी येत होतं.

आणि मे महिन्याच्या एका संध्याकाळची मामांची नोंद, त्यांच्याच शब्दांत: "६.४० लाइट गेली. ६.५२ आली. ६.५८ चिलर २ चालू. पंप ओव्हरलोड ट्रिप. ७.०५ चिलर बंद केला." सात मिनिटं. त्या वेळी एक नंबर बंद होता आणि दोन नंबरचा पंप पडलेला. सात मिनिटं थांबलेल्या पाण्यातून कंप्रेसर उष्णता ओढत राहिला. मामांनी धावत जाऊन चिलर बंद केला, नोंदही केली. त्यांनी ती नोंद केली नसती तर आम्ही आजही चाचपडत असतो.

पुन्हा पुन्हा 'का' विचारत जाण्याची ही पद्धत टोयोटा कंपनीमुळे जगभर गेली. तिथले तायची ओहनो यांनी दिलेलं प्रसिद्ध उदाहरणही बंद पडलेल्या यंत्राचंच आहे. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण मिळालं नाही. वंगणाचा पंप तेल ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. आणि दांडा झिजला कारण गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. शेवटचं कारण गाळणी! आमच्याकडे गाळणी होती, साफ करणारं कोणी नव्हतं. पण या पद्धतीत एक फसवी जागा आहे. प्रत्येक 'का'चं उत्तर पुराव्यानं द्यावं लागतं, नाहीतर पाच पायऱ्यांत माणूस आपल्याला हव्या त्या दारापाशी पोचतो. व्यवस्थापकांना हवं होतं ते दार 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' हे होतं. अहवालात मी ते लिहिलं नाही, कारण पुरावा तसा नव्हता.

अहवाल लिहिताना प्रत्येक विधानापुढे त्याची पक्की-कच्ची खूण केली. चिरलेली नळी, तिच्यातून दोन्ही दिशांची गळती, तिसऱ्या कंप्रेसरमधलं तांबं आणि तेलातलं पाणी: सिद्ध. नळी मे महिन्यातल्या त्या सात मिनिटांत गोठून फुटली: बहुधा. त्या काळात पंप दुसऱ्या एखाद्या दिवशीही पडला असेल आणि नोंद राहिली असेल, हे नाकारता येत नाही. पहिले दोन कंप्रेसर त्याच कारणानं गेले: बहुधा, कारण ते उघडायला मिळालेच नाहीत. दुसऱ्याच्या बाबतीत आणखी एक शक्यता लिहिली. पहिला जळाल्यावर त्याचं आम्ल यंत्रात उरलं होतं. फक्त तेल बदलून नवा कंप्रेसर बसवला गेला, आम्ल शोषणारे फिल्टर घातल्याची नोंद नव्हती. जळालेल्या यंत्रात न धुता नवा कंप्रेसर बसवणं म्हणजे कळकलेल्या भांड्यात ताजं ताक ओतणं. दोन्ही कारणांचा वाटा किती, हे सांगायला आता काही उरलेलं नव्हतं.

शिफारशींची यादी मी जाणूनबुजून आखूड ठेवली. वीस कलमं दिली की त्यांतली रंगरंगोटीची आधी होतात. पहिलं काम यंत्राचं: चिरलेली आणि फुगलेल्या तीन अशा चार नळ्या दोन्ही टोकांना पितळी खुंट्या ठोकून कायमच्या बंद करायच्या. २१४ मधल्या चार गेल्यानं गारव्यात फरक पडत नाही. मग पाण्याची बाजू रिकामी ठेवूनच व्हॅक्यूम घ्यायचा, ५०० मायक्रॉनपर्यंत, आणि पंप बंद करून काटा टिकतो का ते लिहून ठेवायचं. आम्ल शोषणारे फिल्टर बसवायचे, तेल काही दिवस चालवून तपासायचं, आंबट निघालं तर पुन्हा बदलायचं, कोरडं आणि गोडं निघेपर्यंत.

दुसरं, लाल वायर काढायची आणि स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना दाबाचे काटे बसवायचे. दोन काट्यांतलं अंतर वाढलं म्हणजे जाळी भरली, एवढं मामांना रोज बघता येतं. स्विच ट्रिप व्हायला लागला तर आधी जाळी उघडायची. कोणताही सुरक्षेचा स्विच डायरेक्ट करायचाच झाला तर पॅनलवर लाल पाटी, करणाऱ्याची सही आणि काढण्याची तारीख. तारीख उलटली की चिलर बंद. आणि तिसरं, जे कंत्राटात घालायला सर्वांत जास्त वेळ लागला: जळालेला कंप्रेसर दोन्ही पक्षांसमोर उघडल्याशिवाय आवाराबाहेर जाणार नाही, मग सूट बुडाली तरी चालेल. तेलाचा अहवाल हिशेब खात्याकडे जाण्याआधी प्लांट रूमच्या फळ्यावर लागेल.

एका प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नाही. पॅनलमधली दाबाची मर्यादा खाली कोणी नेली? ती बदलायला पासवर्ड लागतो. कंत्राटदार म्हणाले आम्ही नाही, व्यवस्थापक म्हणाले आम्हाला तर पासवर्डच माहीत नाही. मी पॅनलचं दार बंद केलं, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला मार्करनं ठळक लिहिलेले चार आकडे दिसले.

सहा महिन्यांनी तेलाचा आकडा आला ४५ पीपीएम. फळ्यावर लावलेल्या त्या कागदाचा फोटो मामांनी मला पाठवला, खाली एक ओळ: "गच्चीवरची डबी गप्प आहे. शनिवारी कान लावून आलो."